दुरुस्तीचे स्वतःचे दुकान उघडणाऱ्या मैत्रिणीस

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

लॅपटॉप दुरुस्तीचे स्वतःचे दुकान सुरू केल्याबद्दल तुझे मनापासून अभिनंदन. हे पत्र मात्र अभिनंदनापेक्षा आभाराचे अधिक आहे, आणि ते चारचौघांसमोर मानावेत अशी माझी इच्छा आहे.

माझा लॅपटॉप चार्ज होईनासा झाला, तेव्हा तुझ्याआधी ज्यांच्याकडे मी गेले त्यांनी तो उघडण्यापूर्वीच ‘बोर्ड गेला’ असे सांगून टाकले आणि नवा लॅपटॉप घेण्याचा सल्ला दिला. माझे सगळे काम त्यात अडकले होते, याची त्यांनी साधी चौकशीही केली नाही. तू मात्र स्क्रू काढण्यापूर्वी ‘यातले काय गमावून चालणार नाही?’ असे विचारलेस आणि तो मजकूर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलास. मग मल्टिमीटर लावून ॲडॉप्टर १९ व्होल्ट नीट देत असल्याचे मला दाखवलेस. वायर हलवली की चार्जिंगचा दिवा क्षणभर लागतो, म्हणजे दोष बोर्डात नसून चार्जिंगच्या जॅकपाशी असावा, हेही समजावून सांगितलेस. जॅकचे सोल्डरिंग तडकले होते. नवा जॅक बसवून झाल्यावर जुना तू माझ्या हातात ठेवलास आणि त्याची सैल झालेली पिन बोटाने हलवून दाखवलीस. न मागता दिलेल्या त्या बिनकामाच्या तुकड्यानेच मला सर्वाधिक दिलासा दिला, कारण आपल्याला कोणी अडाणी समजले नाही, हे मला तेव्हा कळले. अशी माणसे कामात भेटली की पैसे देतानाही समाधान वाटते.

आता थोडे स्पष्ट लिहिते. तुझा हाच प्रामाणिकपणा पहिल्या काही महिन्यांत तुझी कमाई कमी ठेवणार आहे. जॅक बदलण्याचे बिल बोर्ड बदलण्याच्या बिलापेक्षा पुष्कळच लहान असते, आणि नीट दुरुस्त झालेला लॅपटॉप घेऊन ग्राहक लवकर परत येत नाही. तो दुसऱ्याला तुझे नाव सांगेल हे खरे, पण त्या दुसऱ्याचा लॅपटॉप बिघडेपर्यंत त्या नावाचा उपयोग होत नाही. त्यामुळे दुकान ओस वाटेल असे दिवस येतील. त्यांचा अर्थ कामात खोट आहे असा काढू नकोस.

खरा धोका मला हातातल्या रोख रकमेचा वाटतो. समज, महिन्यात दहा कामे आली आणि प्रत्येक बिल १०० धरले, तर त्यातले ६० सुट्या भागाचे आणि ४० तुझ्या मजुरीचे असतील. वहीत ४०० नफा दिसेल. पण सुटे भाग तुला रोखीने आणावे लागतात, म्हणजे ६०० आधीच गेले. सहा जणांनी पैसे देऊन लॅपटॉप नेले, दोघांनी ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हटले आणि दोघे फिरकलेच नाहीत, तर हातात येतील तेही ६००. म्हणजे महिनाभर राबून हाती काहीच उरणार नाही आणि दुकानाचे भाडे घरातून भरावे लागेल. त्याऐवजी सुट्या भागाचे ६० प्रत्येकाकडून आगाऊ घेतलेस, तर तेच दोघे उधारीवाले आणि तेच दोघे न फिरकणारे धरूनही २४० हाती राहतात. ओळखीच्या माणसाकडे आगाऊ रक्कम मागणे तुला जड जाईल, हे मी जाणते. तरीही ती माग, आणि लॅपटॉप कधी न्यायचा ती तारीख पावतीवर लिही.

स्क्रीनचा साठा मात्र करू नकोस. एकाच मापाच्या दोन पॅनेलमध्येही ३० आणि ४० पिनांच्या कनेक्टरचा फरक असतो, त्यामुळे अंदाजाने आणलेले पॅनेल कपाटात तुझे पैसे अडकवून पडून राहील. काम आले की मॉडेल पाहून मागव. दुकानाचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेव, म्हणजे कोणता महिना खरोखर तोट्यात गेला ते तुला वेळेवर दिसेल. आणि एखाद्या रिकाम्या आठवड्यानंतर मोठे बिल करण्याचा मोह झालाच, तर ग्राहकाला जुना भाग दाखवण्याची तुझी सवय तेवढी सोडू नकोस.

माझ्या एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली आहे. त्याला तुझ्याकडे पाठवत आहे. पॅनेलचे पैसे आधी द्यावे लागतील, हे मी त्याला सांगून ठेवले आहे.

तुझी,
एक कृतज्ञ मैत्रीण