चिकूचे गाडगेबाबा

प्रिय आई-बाबा,

आधी कबुली देते. बाबा, तुमचा तो पांढरा सुती सदरा मी कापला. तुम्ही "जपून ठेव" म्हणाला होतात, आठवतंय. पण कॉलर विरलीच होती, आणि फॅन्सी ड्रेससाठी चिकूला गाडगेबाबा करायचं तर टेरिकॉट चालत नाही. त्यावर चहाचा रंग नीट धरत नाही. सुती कापड चार चमचे चहापूड घालून उकळलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवलं की छान मळकट होतं. शिवाजीमहाराजांचा ड्रेस भाड्याने आणायला तू पैसे पाठवलेस, आई, ते तसेच ठेवलेत. तो जिरेटोप पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्यांवर येतो आणि सगळा वेळ तो सावरण्यात जातो. रागावू नकोस ना.

सदरा त्याच्या गुडघ्याखाली येतो, तेवढाच हवा. गळा मात्र खांद्यावरून घसरत होता, म्हणून मागे आतून चुण घालून टाके घातले. ठिगळं तुझ्या जुन्या लुगड्याची. कात्रीने कापली तर ती नवी कोरी दिसतात, म्हणून हातानेच फाडली. आणि चारी बाजूंनी शिवली नाहीत, फक्त मधोमध धावदोरा घातला. कडा लोंबतात, त्यामुळे स्टेजवर लांबूनही चिंध्या वाटतात. गोंदाने चिकटवलेलं ठिगळ कडक होतं आणि ऐनवेळी गळून पडतं.

गाडगं खरं मातीचं दिलं तर तो पाडणार. दह्याच्या डब्यावर कणकेच्या खळीने वर्तमानपत्राचे तीन थर चढवले, दिवसभर वाळवून गेरू लावला. खराटा त्याच्याहून उंच होता, झिजलेल्या खराट्याचे हीर दोन फुटांवर कापून सुतळीने बांधले. एका कानाला कवडी, दुसऱ्याला बांगडीचा तुकडा, पण काचेचा नाही, प्लॅस्टिकचा. दोन्ही दोऱ्याने कानावर अडकवलेत. कापसाची दाढी खाजते आणि तो ओढून काढतो. घासणीच्या कोरड्या स्पंजने काजळ टिपून खुंट काढणार आहे.

बोलायला दोनच वाक्यं: "मी गाडगेबाबा. आधी गाव झाडतो, मग भाकरी खातो." मग खराटा फिरवायचा. आई, तू मला भाजीवाली केली होतीस तेव्हा मी टोपलीतली गाजरं खात बसले होते, म्हणून याला खाण्याचं काहीच देत नाहीये.

तुम्ही दोघांनी यायचं नाही. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं आहे, एसटीत धूळ केवढी असते. व्हिडिओ लगेच पाठवते, आणि पुढच्या महिन्यात चिकूला घेऊन येतेच, तेव्हा तो अंगणात पुन्हा करून दाखवेल. बाबा, थेंब वेळेवर घाला, काळा चष्मा घरातही काढू नका. आई, बीपीची गोळी उपाशीपोटी नाही, नाश्ता करून घे. आणि मी नाही बघून सुईत दोरा ओवायला बसू नकोस, काही शिवायचं असेल तर आल्यावर मीच शिवते.

तुमची,
चिमी