लगान वर्गात दाखवणार आहेस ना, मग आधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, नववीला ब्रिटिश राजवट शिकवताना लगान दाखवायचाय म्हणतोस. दाखव, नक्की दाखव, फक्त मी पहिल्या वर्षी जे केलं ते करू नकोस. मी अख्खा पिक्चर दाखवला होता, दोनशे चोवीस मिनिटं, सहा तास त्यातच गेले, मुलं बेफाम खूश, आणि मग परीक्षेत एका चांगल्या हुशार मुलीने लिहिलं की १८९३ साली चांपानेरच्या शेतकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध क्रिकेटची मॅच जिंकून तीन वर्षांचा सारा माफ करून घेतला. चूक तिची नव्हतीच. पिक्चरच्या सुरुवातीलाच निवेदक साल सांगतो, गावाचं नाव सांगतो, तेही इतक्या भारदस्त आवाजात, की पुढचं सगळं घडलेलंच वाटतं. तिला कोणी तरी आधी सांगायला हवं होतं की ही मॅच कधी झालीच नाही, आणि ते काम माझं होतं.

म्हणून आता मी तीन तासांत बसवतो आणि तिन्ही मिळून फार तर पंचवीस मिनिटांचे तुकडे दाखवतो. शेवटची मॅच जवळजवळ नाहीच, ती मुलांनी पाहिलेली असते.

पहिल्या तासाला कॅप्टन रसेल आणि राजा पूरनसिंग जेवायला बसलेत तो सीन. राजा मांस खायला नाही म्हणतो आणि कॅप्टन चिडून दुप्पट लगान लावतो. पिक्चर बंद करून एकच प्रश्न फळ्यावर लिही, सारा किती घ्यायचा हे ठरवायचं कोणी? मुलं म्हणतात कॅप्टनने. मग तिथून खरा धडा सुरू होतो. लष्करातल्या कॅप्टनकडे हे काम नव्हतंच. संस्थानात राजाची स्वतःची महसूल यंत्रणा असायची, आणि थेट इंग्रजांच्या मुलखात कलेक्टर, त्याच्याखाली मामलेदार, खाली कुलकर्णी-तलाठी. आपल्याकडच्या रयतवारीत तर जमीन मोजायची, तिची प्रत ठरवायची, त्यावरून आकारणी करायची आणि ती तीस वर्षांसाठी कायम. म्हणजे कोणाच्या रागावर काही नाही, सगळं कागदावर, नियमाने. आणि हेच मुलांना पचायला जड जातं, कारण पिक्चरमध्ये राग काढायला एक माणूस मिळतो आणि इथे कोणीच मिळत नाही. त्यांना थोडा वेळ तसंच राहू दे, लगेच समजावून मोकळा होऊ नकोस.

बारीकसारीक चुका शोधायचा खेळ मुलांना फार आवडतो. पिक्चरमध्ये ओव्हर सहा चेंडूंची आहे, पण १८९३ साली इंग्लंडमध्ये ती पाच चेंडूंची होती, सहाची १९०० पासून झाली. आणि बॉल बाउंड्रीवरून गेला की सहा रन हा नियम तर १९१० चा, त्याआधी सहासाठी बॉल मैदानाच्याच बाहेर मारावा लागायचा. पोरं हे ऐकून उड्या मारतात. पण याला दहा मिनिटांच्या वर देऊ नकोस, नाही तर त्यांना वाटतं अचूकपणा म्हणजे एवढंच, ओव्हर पाचाची केली असती की पिक्चर खरा झाला असता. असल्या चुका पकडायला सोप्या. खरी अडचण जे दाखवलंच नाही त्यात आहे, आणि ते डोळ्यांना दिसतच नाही.

म्हणून दुसरा तास मी पूर्ण त्यालाच देतो. मुलांना गावातल्या माणसांची यादी करायला लावायची. मुखिया, वैद्य, लोहार, कोंबड्यावाला, लाकूडतोड्या, देवळातला ढोलवाला, सगळे भराभर येतात. मग विचारायचं, पाऊस नाही, धान्य नाही, तरी सारा रोख भरायचा, तर शेतकरी पैसे आणणार कुठून? कोणी तरी म्हणतंच, उसने. कोणाकडून? आणि मग यादीत पाहिलं की सावकार नाहीये. एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये सावकार हे पात्रच नाही! तो क्षण बघण्यासारखा असतो, सगळा वर्ग परत यादी वाचायला लागतो.

इथे १८७५ चे दख्खनचे दंगे आण. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दुकानांवर गेले आणि त्यांनी मुख्यतः काय मागितलं तर वह्या आणि कर्जरोखे, ते जाळले. याच्यामागे काय काय होतं बघ, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढलेले, कर्ज सहज मिळत होतं, १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव पडले, त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून नवी आकारणी आली आणि सारा एकदम वाढला, आणि नेमकं तेव्हाच सावकारांनी हात आखडला.

आणि एक गणित नक्की करून घे, आकडे आपण मानलेले आहेत हे मात्र सांग. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं चालायचा. हेतू असा की व्याज साचत जाऊ नये. पण झालं उलटं, दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा आणि त्यात थकलेलं व्याज मुद्दल म्हणून टाकायचा. शंभर रुपये, महिना दोन टक्के, काहीच फेडलं नाही असं धर. तीन वर्षांनी १७२ चा नवा रोखा, सहा वर्षांनी जवळपास २९६, नऊ वर्षांनी ५०९. मुलांना स्वतः वहीत करू दे. शेतकऱ्याला वाचता येत नाही, अंगठा उठवायचाय, आणि कोर्ट मानणार ते त्या कागदालाच. वह्या का जाळल्या हे मग मला सांगावं लागत नाही.

तिसऱ्या तासाला कचराचा सीन, तो अस्पृश्य म्हणून गाव त्याला टीममध्ये घ्यायला तयार नसतं आणि नायक भुवनच्या भाषणाने तयार होतं तो. इथे फार जपून. मुलं पालवणकर बाळूंशी जोडतात, किंवा तुलाच मोह होईल. कचरा म्हणजेच बाळू असं म्हणू नकोस, पण शेजारी जरूर ठेव. बाळू दलित, डावखुरे स्पिनर, पुण्यात युरोपियनांच्या क्लबात नेटमध्ये बॉलिंग टाकायचे, पुढे हिंदू संघाकडून खेळले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त विकेट काढल्या. मैदानावर सगळे त्यांना बॉल द्यायचे, आणि चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही, त्यांचा भाऊ विठ्ठल १९२३ ला कप्तान झाला. पिक्चरमध्ये जे पाच मिनिटांत मिटतं ते इथे एवढी वर्षं चाललं. ही तुलना करताना मी आवाज अजिबात चढवत नाही, आणि वर्गात ज्या मुलांच्या घरात हे अजून ताजं असू शकतं त्यांच्याकडे बघून प्रश्न विचारत नाही. तूही विचारू नकोस, प्लीज.

परीक्षेचं म्हणशील तर मार्क मी एकाच गोष्टीला देतो. पिक्चरमध्ये नसलेला एक सीन लिहायचा, ज्यात सावकार आहे, आणि खाली प्रत्येक गोष्ट कशावरून लिहिली ते, पुस्तकातून, गणितातून की मनाने. मनाने लिहिलं तरी चालतं, पण तसं लिहायचं. त्याच मुलीच्या धाकट्या भावाने या वर्षी लिहिलं, सावकार रोखा वाचून दाखवतो, एक ओळ गाळतो, आणि शेतकरी विचारतो, एवढा मोठा कागद आणि एवढंच लिहिलंय? खाली लिहिलं होतं, हे मनाने.

तुकड्यांची नेमकी मिनिटं मी काढून ठेवलीयत, रविवारी फोन कर, सांगतो.

तुझाच,
वर्गातला जुना बाकमित्र