ताई, त्या चार ओळींसाठी थँक्यू

ताई, नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीय. पण सोलापूरच्या आपल्या लकवा पेशंटच्या घरच्यांच्या ग्रुपात तुम्ही मला जे शिकवलंत त्याचे आभार चारचौघांत मानायचेच होते.

मे महिना, रात्री दोनला एका दादांचा मेसेज आला, "आईला तीन आठवड्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेलीय. रात्री झोप नाही." बस एवढंच. नवीन माणसाला उत्तर द्यायची पाळी माझी, मी उत्साहात लिहून काढलं, स्वागत आहे, वय किती, बीपी आहे का, शुगर आहे का, फिजिओ कधीपासून, कुठं ॲडमिट होते, काळजी करू नका सगळं नीट होईल. नशीब, पाठवायच्या आधी तुम्हाला दाखवलं. तुम्ही म्हणालात, अगं हा केसपेपर झाला की! आणि "काळजी करू नका" म्हटलं की समोरचा काळजी सांगायचीच बंद करतो, नुसता "बरं" म्हणतो आणि गप होतो. खरंच की, माझ्या आधीच्या कितीतरी मेसेजना तेवढंच "बरं" आलेलं.

मग तुम्ही लिहून दिलंत:

"नमस्कार दादा, लिहिलंत ते बरं केलंत. तीन आठवडे झोप नाही म्हणजे अंग मोडून गेलं असेल. रात्री काय जास्त जड जातंय, वाटलं तर सांगा. घाई नाही, नुसतं वाचत राहिलात तरी चालेल."

मला आधी हे फारच कमी वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही समजावलंत की झोपेचं त्यांनी स्वतःहून काढलंय म्हणून तेच धरायचं, प्रश्न एकच, आणि "का झोपत नाही" असं विचारायचं नाही, "का" आला की माणसाला वाटतं आपलंच चुकलं. दुसऱ्या दिवशी मी "काय मग दादा?" टाकणार होते तर तुम्ही थांबवलंत, नुसतं वाचा म्हटलंय ना, मग वाचू दे की.

चार दिवसांनी त्यांचं भलंमोठं उत्तर आलं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासाला आईला कुशीवर वळवायचं, अलार्म लावून, घरात एकटाच माणूस. हे माझ्या पाचातल्या एकाही प्रश्नात आलं नसतं.

आणि हो, एक अपवादही तुम्हीच सांगितलात, कुणी लिहिलं की आत्ताच तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, तर तिथं "वाटलं तर सांगा" नाही चालत, सरळ 108 ला फोन करा म्हणायचं.

त्या दादांनी काल एका नवीन ताईंना उत्तर दिलं, तीनच ओळी. तुम्ही बघितलं का?

तुमची,
जुळे सोलापूरची पाच प्रश्नवाली