‘कोर्टाचा आदेश आणा’ हे अर्धेच खरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकातला सायबर कायद्यावरचा लेख वाचला. काल दिवसभर स्वतःला आवरले, आज लिहायला बसलो. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल जबाबदार न धरण्याचे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे कवच असल्यामुळे समाजमाध्यम कंपन्यांना हात लावता येत नाही आणि कोर्टाचा आदेश येईपर्यंत सामान्य माणसाने गप्प बसायचे, असे तुमच्या लेखकाने ठामपणे लिहिले आहे. हे अर्धेच खरे आहे. हेच वाक्य आम्हाला २०२४ च्या दिवाळीआधी चार माणसांनी ऐकवले आणि त्यात आमचे चार दिवस गेले, म्हणून राग येतो.

मी वकील नाही. जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षे लघुलेखक होतो. एका शब्दाने निकाल फिरतो हे या कानांनी ऐकले आहे, त्यामुळे कलम मुळातून वाचायची सवय आहे.

माझी धाकटी बहीण नाशिकरोडला राहते. येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या आणून घरूनच विकते. कोणीतरी तिच्या नावाने आणि तिच्याच फोटोने बनावट खाते उघडले. दीड हजारात अस्सल पैठणी, आगाऊ पैसे भरा, अशी जाहिरात त्यावर सुरू केली. जाहिरात म्हणजे कंपनीला पैसे मोजून लावलेली, खाली ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेली. आम्हाला कळले ते पैसे भरून फसलेल्या दोन बायका तिच्या दारात येऊन भांडायला लागल्या तेव्हा. तीस वर्षे ज्या गल्लीत मान वर करून चालली, तिथे तिला तोंड लपवावे लागले.

घरच्या सगळ्यांनी, नातेवाइकांनी, भिशीतल्या बायकांनी त्या खात्यावर ‘रिपोर्ट’ दाबले. चाळीसेक लोकांनी तरी. उत्तर एकच आले: हे खाते आमच्या नियमांचे उल्लंघन करत नाही. मग कोणी म्हणाले कोर्टात जा, कोणी म्हणाले वकिलाची नोटीस काढा. सगळे तुमच्या लेखासारखेच बोलत होते.

चौथ्या रात्री मी त्याच कायद्याखालचे, समाजमाध्यम कंपन्यांसाठीचे २०२१ चे नियम काढून बसलो, तेव्हा आमची चूक कळली. ‘रिपोर्ट’ दाबणे ही कंपनीच्या घरच्या नियमांखालची तक्रार. कायद्याखालची तक्रार वेगळी. ती त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाते, आणि त्याचे नाव व संपर्क ॲपवर किंवा संकेतस्थळावर ठळकपणे देणे कंपनीला बंधनकारक आहे. आम्ही चाळीस जण चुकीच्या दारावर थापा मारत होतो.

आता तुमच्या लेखकाच्या मुद्द्याकडे येतो. कोर्टाच्या आदेशाची अट आली ती श्रेया सिंघल खटल्यात, २४ मार्च २०१५ रोजी. मजकूर बेकायदा आहे हे ‘प्रत्यक्ष माहीत’ झाल्यावरही मध्यस्थाने, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराला जागा देणाऱ्या कंपनीने, तो हटवला नाही तर संरक्षण जाते, असे कलम ७९(३)(ब) म्हणते. हे ‘माहीत होणे’ म्हणजे कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला. तो योग्यच होता. लाखो तक्रारी आल्यावर कोणता मजकूर कायदेशीर आणि कोणता नाही, याचा निवाडा खासगी कंपनीने करत बसू नये. नाहीतर कोणीही तक्रार करावी आणि कोणाचेही लिखाण गायब व्हावे. अब्रुनुकसानी, राजकीय टीका, नावडते मत यांसाठी हाच रस्ता आजही आहे.

पण २०२१ च्या नियमांतल्या नियम ३(२)(बी) मध्ये दुसरा, अरुंद रस्ता काढून ठेवला आहे. तो फक्त माणसाच्या देहापुरता आणि चेहऱ्यापुरता आहे. एखाद्याचे नग्न किंवा लैंगिक चित्रण, किंवा त्याचे सोंग घेणे, यात फेरफार करून बनवलेले फोटोही आले. अशा मजकुराबद्दल त्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली, की ती मिळाल्यापासून २४ तासांत तो हटवण्यासाठी शक्य ते सर्व वाजवी उपाय कंपनीने करायचे. इथे कोर्टाचा आदेश लागत नाही, कारण इथे मतांचा निवाडाच नाही. हा चेहरा माझा आहे आणि हे खाते माझे नाही, एवढेच तपासायचे असते. (२४ तास ही आमच्या वेळची मुदत. २०२६ च्या फेब्रुवारीत सरकारने मुदती आणखी कमी केल्या आहेत.)

पहिला मेल मी घाईत केला आणि तो फसला. स्क्रीनशॉट होते, खात्याची लिंक नव्हती. लिंक पाठवा, असे उत्तर आले. नुसत्या नावाने शोधले तर शंभर खाती निघतात, त्यांना कोणते काढायचे ते कळणार कसे? दुसरा मेल बहिणीने स्वतःच्या पत्त्यावरून पाठवला. बनावट खात्याची पूर्ण लिंक, जाहिरातीची वेगळी लिंक, तिच्या खऱ्या खात्याची लिंक, ओळखपत्र, आणि एक वाक्य: ही नियम ३(२)(बी) खालची तोतयेगिरीची तक्रार आहे. तक्रार क्रमांक तासाभरात आला. एकोणीस तासांनी खाते गेले. चार दिवस चाळीस माणसांना जे जमले नाही ते एका नीट लिहिलेल्या मेलने झाले. अधिकाऱ्याने नकार दिला असता, तर तीस दिवसांच्या आत gac.gov.in वर तक्रार अपील समितीकडे जाता आले असते. त्यालाही वकील लागत नाही.

कंपनीने ते २४ तास ओलांडले असते तर? नियम ७ सांगतो की नियम पाळले नाहीत तर कलम ७९(१) चे संरक्षण त्या मध्यस्थाला लागू होणार नाही. पण इथेही लोकांचा गैरसमज आहे. संरक्षण गेले म्हणजे कंपनी दोषी ठरली असे होत नाही. ‘मजकूर दुसऱ्याचा, आम्ही फक्त जागा दिली’ ही ढाल तेवढी हातातून जाते. गुन्हा किंवा नुकसान पुढे सिद्ध करावेच लागते, आणि ढाल गेली की नाही हेही त्या त्या प्रकरणात कोर्टच ठरवते. ट्विटरने नियमांप्रमाणे अधिकारी नेमले नाहीत म्हणून त्यांचे संरक्षण गेले, असे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले होते. ऑगस्टमध्ये अधिकारी नेमले गेले आणि आता पालन झाले आहे, असे त्याच सरकारने सांगितले. कायमचे परवानापत्र रद्द व्हावे तसे हे संरक्षण जात नाही.

माझ्या मते खरा प्रश्न त्या जाहिरातीचा आहे, आणि तुमच्या लेखात त्यावर अवाक्षर नाही. संरक्षणाच्या अटी कलम ७९(२) मध्ये आहेत. मध्यस्थाचे काम नुसती वाट मोकळी करून देण्यापुरते असावे, किंवा मजकूर कोणी पाठवायचा, कोणाला दाखवायचा, त्यात काय बदलायचे हे त्याने ठरवलेले नसावे. शिवाय योग्य ती खबरदारी त्याने घेतलेली असावी. मग दीड हजाराच्या पैठणीची जाहिरात नाशिक-सिन्नरच्या, साड्या बघणाऱ्या बायकांपुढेच नेमकी कोणी नेली? दिल्ली उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२३ रोजी गूगल आणि डीआरएस लॉजिस्टिक्स यांच्या खटल्यात म्हटले की जाहिरातींच्या योजनेत गूगल सक्रिय भागीदार आहे, आणि ट्रेडमार्कचा भंग ठरला तर त्याला कलम ७९ चा आसरा मिळणार नाही. तो खटला ट्रेडमार्कचा होता, तोतयेगिरीचा नव्हे, त्यामुळे तो जसाच्या तसा आमच्या प्रकरणाला चिकटवता येणार नाही. पण फुकट टाकलेली पोस्ट आणि पैसे घेऊन फिरवलेली जाहिरात यांना एकच माप लावायचे का, हा प्रश्न कोणीतरी कोर्टात न्यायला हवा.

एक गोष्ट मात्र आमच्या हातून हुकता हुकता राहिली. खाते गेल्याच्या आनंदात बहिणीने पोलिसांत जायचेच सोडून दिले होते. मी अडवले. हटवलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवणे कंपनीवर बंधनकारक आहे, पुढे त्या मिळतीलच याची खात्री नाही. म्हणून हटवायला सांगण्याआधीच तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढावेत, लिंक कागदावर उतरवून ठेवाव्यात आणि cybercrime.gov.in वर तक्रार लगेच नोंदवावी. ज्यांचे पैसे गेले त्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात फोन करावा. आमच्या दारात आलेल्या दोघींनी तो सहा दिवसांनी केला. तिसऱ्या आठवड्यात त्याच फोटोने नवे खाते निघाले, तेव्हा पुन्हा नवी लिंक आणि नवी तक्रार. एकदा काढलेला फोटो पुन्हा येणार नाही, अशी हमी या नियमातून मिळत नाही.

आता तुमच्याबद्दल. त्या वेळी तुमच्या ऑनलाइन आवृत्तीत ‘पैठणीच्या नावाखाली गंडा’ अशी बातमी आली होती. तिच्यासोबत बनावट खात्याचा स्क्रीनशॉट छापला होता आणि त्यात माझ्या बहिणीचा चेहरा स्वच्छ दिसतो. बातमी वाचणाऱ्याला गंडा घालणारी तीच वाटते. मी दोनदा मेल केले, एकदा कार्यालयात येऊन गेलो. ‘बघतो’ म्हणाले. समाजमाध्यम कंपनी निदान दुसऱ्याचा मजकूर आहे असे म्हणू शकते. बातमीखाली वाचकांनी टाकलेल्या प्रतिक्रियांपुरते तुम्हीही तसे म्हणू शकाल. पण तुमच्या वार्ताहराने लिहिलेली आणि तुमच्या संपादकीय खात्याने चित्रासह लावलेली बातमी तुमची आहे. तिला कलम ७९ लागत नाही.

ते चित्र काल रात्री साडेदहापर्यंत तुमच्या संकेतस्थळावर होते. बातमीची लिंक, बहिणीचे संमतीपत्र आणि पोलीस तक्रारीची प्रत या पत्रासोबत तिसऱ्यांदा जोडली आहे. पत्र छापायला जागा नसेल तर नका छापू, पण चित्र आज काढा.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक, जेल रोड, नाशिकरोड
(बहिणीची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)