वीस आस, शून्य सूट : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

पुरवठादारांच्या बैठकीत आपण शब्द दिला होता की तपासणीचे नियम आम्हाला विचारल्याशिवाय बदलणार नाहीत. त्यानंतर परिपत्रकच हातात पडले. हातपंपाच्या दांड्याचा आस पुरवणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे. हजार नगांच्या लॉटमधून आता ८० ऐवजी २० नग काढायचे आणि त्यात एक जरी खराब निघाला तर अख्खा लॉट परत. वर्षात दोन लॉट परत गेले की काळी यादी. शीर्षक मोठे झोकदार आहे : 'शून्य दोष धोरण'. अभिनंदन.

आता हिशेब करू. आपल्या खात्यात तो कोणी केलेला दिसत नाही.

जुनी पद्धत आयएसओ २८५९ या नमुना तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यातली होती. ८० नग तपासा, दोनपर्यंत खराब निघाले तर लॉट घ्या, तिसरा निघाला तर परत करा. हा तक्ता शेकडा एक खराबीच्या स्वीकार्य पातळीचा. म्हणजे लॉटमध्ये खरोखर शेकडा एकच नग खराब असेल, तर तो लॉट चुकून परत जाण्याची शक्यता साधारण ५ टक्के. ही पहिल्या प्रकारची चूक : माल चांगला, शिक्का रिजेक्टचा. उलट लॉटमध्ये शेकडा पाच खराब असतील, तर तो चुकून पास होण्याची शक्यता साधारण २३ टक्के. ही दुसऱ्या प्रकारची. दोन्ही चुका एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसतात. नगांची संख्या तीच ठेवून एक कमी करायला गेलात की दुसरी वाढते. दोन्ही कमी करायच्या असतील तर जास्त नग तपासावे लागतात, दुसरा मार्ग नाही.

आपण नग कमी केले. वीस नग आणि शून्य सूट घेतली की शेकडा एक खराबीचा लॉट परत जाण्याची शक्यता १८ टक्के होते. आणि शेकडा पाच खराबीचा, म्हणजे हजारात पन्नास वाईट आस असलेला लॉट पास होण्याची शक्यता ३६ टक्के. म्हणजे आमच्यावरचा अन्याय साडेतीन पटींहून जास्त वाढला आणि गावकऱ्याच्या वाट्याला येणारा खराब मालही वाढला. एका सहीत दोघांनाही एकदम मारण्याची ही किमया याआधी कोणाला जमल्याचे ऐकिवात नाही. वीस नगांत खराब न सापडणे म्हणजे लॉटमध्ये खराब नसणे नव्हे, एवढे तरी परिपत्रकाला शीर्षक देणाऱ्याला कोणी सांगायला हवे होते.

काळी यादी तर त्याच्याही पुढची. महिन्याला एक लॉट देणारा, मान्य पातळीचाच माल करणारा पुरवठादार घ्या. नव्या नियमाने वर्षातल्या बारा लॉटांपैकी दोन किंवा जास्त परत जाण्याची शक्यता त्याच्यासाठी ६७ टक्के आहे. जुन्या नियमात ती १० टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे नियम पाळणाऱ्या तिघांपैकी दोघे वर्षभरात यादीत, आणि ते केवळ नशिबाच्या फाशांवर. आमच्या वसाहतीतल्या निम्म्या शेड दिवाळीनंतर बंद होतील, असे टपरीवर बोलले जाते. हा आकडा कोणी मोजलेला नाही, पण वरचे आकडे कॅल्क्युलेटरवर कोणीही पडताळून पाहावेत. शून्य सुटीत सूत्र सोपे आहे : वीस वेळा ०.९९ लिहून सगळे एकमेकांशी गुणा, येते ती पास होण्याची शक्यता, एकातून वजा केली की परत जाण्याची.

वाईट माल करणाऱ्याला मात्र नवा नियम फायद्याचा आहे. परत आलेला लॉट निवडून साफ केल्याशिवाय पुन्हा मांडता येणार नाही, असे तक्त्यासोबतच्या नियमांत आहे. परिपत्रकात ते नाही. तो तोच लॉट, तेच पन्नास खराब आस, दुसऱ्या मंगळवारी पुन्हा मांडतो. दोन प्रयत्नांत पास होण्याची शक्यता ५९ टक्के. प्रामाणिक माणूस हजार नग पुन्हा मोजत बसतो, तोवर उशिराचा दंड दर आठवड्याला अर्ध्या टक्क्याने चढतो.

हे सगळे झाले माप अचूक असते असे गृहीत धरून. ते असते का, तेही बघू.

आसाचे माप ड्रॉइंगवर १९.९७९ ते २०.००० मि.मी., म्हणजे सवलत २१ मायक्रॉनची. तपासणी मेमध्ये, ट्रकच्या ताडपत्रीखाली. आस उन्हाने ५० अंशांवर, इन्स्पेक्टरसाहेबांचे मायक्रोमीटर एसी गाडीतून आलेले, २५ अंशांवर. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. वीस मि.मी.च्या आसाला २५ अंशांच्या फरकाने जवळजवळ सहा मायक्रॉन येतात, सवलतीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. खरा १९.९९६ चा उत्तम आस तिथे २०.००२ दिसतो आणि लॉट परत जातो. खरा १९.९७५ चा बारीक आस १९.९८१ दिसतो आणि पास होतो. दोन्ही प्रकारच्या चुका त्याच एका उन्हातून.

त्यातही दोन्ही टोके सारखी नाहीत. जाड आस जोडणी करतानाच अडतो, बेअरिंगमध्ये जात नाही. कोणी हातोडीने ठोकला तर बेअरिंगच्या धावांवर गोळ्यांचे ठसे उमटतात, पण निदान कारखान्यातच बोंब होते. बारीक आस मात्र गुपचूप बसतो. बेअरिंगची आतली कडी आसावर घसरून फिरू लागते, आस झिजतो आणि दांडा खडखडायला लागतो तो गावात, पंप बसवून झाल्यावर. म्हणून कडकपणा खालच्या टोकाला हवा. मापनाची शंका चार मायक्रॉन असेल तर १९.९८३ च्या खालचा आस पासच करू नये. ही कडक अट आम्ही स्वतःहून मागतो आहोत, ऐकले ना?

पण तसे होणार नाही, कारण आपल्या व्यवस्थेला एकच चूक दिसते. पास केलेल्या आसाचा पंप बंद पडला की चौकशी, नोटीस, वेतनवाढ बंद. चांगला लॉट परत पाठवला तर विचारणारा कोणीच नाही. रिजेक्ट केलेले नग प्रयोगशाळेत पुन्हा मोजले जात नाहीत, त्यामुळे कागदावर पहिल्या प्रकारची चूक जन्मालाच येत नाही. कोणता इन्स्पेक्टर अशा जागी बसून सूट देईल? आम्ही त्याला दोष देत नाही. त्याची पदे रिकामी ठेवायची, एकाला चौघांचे काम द्यायचे, म्हणून ८० चे २० करायचे, आणि त्या काटकसरीला धोरण म्हणायचे. निविदा मात्र सर्वांत स्वस्त भावाची. भाव स्वस्त, माणूस कमी, वेळ कमी, आणि दोष शून्य! शाळेच्या गणितात हे कोणी मान्य केले नसते.

मागण्या तशा थोड्या आहेत. ८० नग आणि दोनची सूट परत आणा. ज्या दोषाने माणसाला इजा होईल, त्याला शून्य सूट आम्हालाही मान्य आहे, पण ती वेगळी यादी असू द्या. रंगाचा ओघळ आणि बारीक आस एकाच रकान्यात नकोत. परत आलेला लॉट शंभर टक्के निवडल्याशिवाय पुन्हा मांडू देऊ नका. काळी यादी काढा. लागोपाठच्या पाचांत दोन लॉट परत गेले तर तपासणी कडक करा, तक्ता तेच सांगतो. आणि रिजेक्ट झालेल्या प्रत्येक लॉटमधले खराब ठरलेले नग सीलबंद करून बाहेरच्या प्रयोगशाळेत, २० अंशांवर पुन्हा मोजा, आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करा.

परिपत्रक मागे घ्यायला आपल्याला वेळ लागेल, हे आम्ही जाणतो. तोवर एवढे करा : पुढच्या मंगळवारी साहेब येतील तेव्हा आस, मायक्रोमीटर आणि मायक्रोमीटर पडताळायचे २० मि.मी.चे स्लिप गेज दोन तास एकाच टेबलावर, सावलीत ठेवायला सांगा. टेबल आम्ही देऊ.

आपले,
हातपंपाचे आस पुरवणारे काही लघुउद्योजक
वाळूज