अख्खी पाकळी गिळून काय साधणार?

‘रोज उपाशीपोटी लसणाची एक पाकळी गिळा, रक्तदाबाची गोळी सुटेल’ हा आपल्या आरोग्य पुरवणीतील सल्ला वाचून काळजी वाटली.

लसणाचा गुण ज्याच्यामुळे मानतात ते ॲलिसिन हे गंधकयुक्त द्रव्य अख्ख्या पाकळीत जवळजवळ नसतेच. पेशीच्या एका कप्प्यात ॲलिइन हे द्रव्य आणि दुसऱ्यात ॲलिनेज हे विकर असते. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होते. ठेचल्यावर येणारा उग्र वास त्याचाच. न चावता गिळलेल्या पाकळीत हे घडत नाही, शिवाय जठरातील आम्लात विकर निकामी होते. थेट गरम तेलात टाकलेल्या अख्ख्या पाकळीचेही तेच. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटे ठेवावा, मग फोडणीत घालावा.

रक्तदाबाबद्दल पुरावा आहे, पण मर्यादित. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत वरचा आकडा सरासरी ८ अंकांनी उतरलेला दिसला. मात्र त्या चाचण्या छोट्या, काही आठवडे ते महिन्यांच्या होत्या आणि त्यांत बहुधा लसणाच्या पावडरीच्या गोळ्या दिल्या होत्या, स्वयंपाकघरातील पाकळी नव्हे. नंतरच्या काही चाचण्यांतील मुरवलेल्या लसणाच्या अर्कात तर ॲलिसिन नसतेच; तिथे गुण दुसऱ्या गंधकयुक्त घटकांचा मानतात.

१६० चा आकडा ८ ने उतरला तरी १५२ उरतो. अशा रुग्णाने गोळी बंद केली तर पक्षाघाताचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी तर लसणाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. पुरवणीत ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा