फैजपूरच्या वेफर्सचं पाकीट

चि. भूषण,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू बोलता बोलता फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले. फोनवर आपलं दोघांचं जमत नाही, पप्पांचंही म्हणणं तेच. नोकरीचा विषय मी या पत्रात काढणार नाही. वेफर्सच्या पाकिटापुरतंच लिहिते.

डिझायनरला पाठवलेला मजकूर तू मला दाखवलास: 'लोगो आणि पाकिटाचं डिझाइन पाहिजे. मॉडर्न पण देशी वाटलं पाहिजे. आवडेपर्यंत बदल. अर्जंट आहे. पेमेंट काम झाल्यावर.' यावर मी हसले आणि तुला राग आला. अरे, तुला नाही रे हसले. लग्नसराईत प्रेसवर लोक असंच सांगायचे, 'ताई, कार्ड जरा भारी करा.' कॉम्प्युटरसमोर मी बसलेली असायचे, त्यामुळे त्या डिझायनर मुलीच्या पोटात काय कालवलं असेल ते मला तुझ्याआधी कळलं.

पहिलं म्हणजे काम किती ते मोजून लिही. साधं, मिरी आणि मसाला असे तुझे तीन प्रकार, वजन एकच, 200 ग्रॅम. मग लिही, 'एक मुख्य पाकीट, पुढची आणि मागची बाजू. तेच रंग आणि नाव बदलून आणखी दोन. लोगो एक.' आणि यात काय नाही तेही लिही: फोटो काढणं नाही, इन्स्टाग्रामच्या पोस्ट नाहीत, दुकानाचा बोर्ड नाही. पुढे मामा म्हणेल 500 ग्रॅमचंही पाकीट करू. म्हणू दे, पण त्याचे पैसे वेगळे हे तुम्हा दोघांना आधीच ठाऊक पाहिजे. 'मॉडर्न पण देशी' याचा अर्थ तिला लागणार नाही. त्याऐवजी तुला आवडलेली चार पाकिटं आणि न आवडलेली दोन यांचे फोटो पाठव, प्रत्येकाखाली का ते एका ओळीत लिहून.

'आवडेपर्यंत बदल' हे तर काढूनच टाक. वाटतं की यात तुझा फायदा आहे, पण तसं नाही. ज्या कामाला शेवट नाही त्यात चांगला माणूस जीव ओतत नाही. लिही, 'सुरुवातीला दोन कल्पना, त्यातली एक निवडल्यावर बदलांच्या दोन फेऱ्या.' आणि फेरी म्हणजे काय तेही सांग. तू, मामा आणि तुझा तो पार्टनर, तिघांचं म्हणणं एकत्र करून एकाच मेलने पाठवलं तर ती एक फेरी. सकाळी तू 'लोगो मोठा', दुपारी मामा 'लोगो लहान', रात्री पार्टनर 'रंग फिका' असं चाललं तर तिने कुणाचं ऐकायचं? शेवटचा शब्द एकाचा आणि त्याचं नाव कागदावर. पैसा तुझा आहे, तेव्हा नावही तुझंच असू दे. तिसऱ्या फेरीपासून दर किती, तोही आत्ताच ठरव. तिच्या हातून चूक झाली असेल तर ती दुरुस्त करणं फेरीत धरू नका. तू आधी दिलेलीच माहिती बदललीस, तर मात्र ते नवीन काम.

पैसा म्हटलं की पुन्हा तेच मनात येतं. पीएफ सगळाच काढलास का रे? थोडा तरी ठेवलास का? बरं, राहू दे.

'अर्जंट' ही तारीख नाही. आणि उशीर बहुतेक वेळा आपल्याकडूनच होतो. मागच्या बाजूला किती मजकूर लागतो पाहा: जास्त प्रमाणाच्या घटकापासून उतरत्या क्रमाने घटक, पोषणमूल्यं, एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, निव्वळ वजन, एमआरपी, पत्ता, तक्रारीसाठी फोन, बॅच आणि तारखांसाठी मोकळी जागा. हे तिने शोधायचं नाही, तू द्यायचं. म्हणून लिही, 'मजकूर मी सोमवारी देईन, त्यानंतर सात दिवसांत दोन कल्पना. मजकुराला जितके दिवस उशीर, तितके दिवस तारीख पुढे.' तिने काही पाठवलं की तू तीन दिवसांत उत्तर देशील, हेही त्यातच.

मजकूर पक्का झाल्याशिवाय छपाईला जाऊ नकोस. पाकिटाचा रोल ग्रॅव्हुरवर छापणार असशील तर प्रत्येक रंगाला वेगळं सिलिंडर कोरतात. कोरल्यावर परवान्याचा एक आकडा चुकलेला दिसला तरी त्या रंगाचं सिलिंडर नवं करावं लागतं. मामाकडे एवढी मागणी आहे का, ते आधी बघ. नसेल तर साध्या पाकिटावर स्टिकर लावून सुरुवात कर. पैसे अडकत नाहीत. (बघ, आलंच परत.)

आता पेमेंट. 'काम झाल्यावर' म्हणजे कधी? तुला आवडल्यावर, छापल्यावर की माल खपल्यावर? ती 24,000 म्हणाली आहे ना? मग 9,600 सुरू करताना, 7,200 मुख्य पाकीट मंजूर झाल्यावर आणि उरलेले 7,200 छपाईची पीडीएफ हातात आल्यापासून सात दिवसांत, छपाई कधीही होवो. त्या सात दिवसांत फाईल छपाईवाल्याला दाखवून घे. पैसे पोचले की ओपन फाईल तुझी. आधीच्या मुलाने लोगोची नुसती जेपीजी दिली आणि ओपन फाईलचे वेगळे पैसे मागितले, म्हणून तू अजून चिडतोस. पण ती द्यायची असं कुठे ठरलं होतं? मध्येच काम थांबवलंस तर तोवरच्या टप्प्याचे पैसे तिचे, हीही ओळ घाल.

हक्काचं मी वकील काकांना विचारलं. बाहेरच्या डिझायनरने केलेला लोगो पैसे दिले म्हणून आपोआप आपला होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ते पाचच वर्षांचे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणून 'पूर्ण पैसे मिळाल्यावर सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी' असं लिहून तिची सही घे. व्हॉट्सॲपवरच्या 'ओके'वर विसंबू नकोस.

फार झालं का? शाळेत असताना तू म्हणायचास, आई चूक काढायला बसली की जेवण थंड होतं. नाही काढत आता. पप्पा दुकानात येईल त्याला तुझ्या वेफर्सची चव देतात आणि 'पोराने नोकरी सोडून काढलंय' असं छाती पुढे काढून सांगतात. रात्री मात्र तेच मला विचारतात, त्याच्याकडे सहा महिन्यांचं भाडं तरी असेल का? मी म्हणते, असेल. आहे ना?

एकच राहिलं. मराठी मजकूर युनिकोडमध्येच दे, जुन्या श्री-लिपीतून उचलशील तर तिच्याकडे भलतीच अक्षरं उमटतील. इलस्ट्रेटरमध्ये इंडिकचा पर्याय चालू नसला तर मराठी फुटतं. 'वेफर्स'मधला रफार सावर चढत नाही, र पाय मोडून बाजूला उभा राहतो, आणि 'मिरी'तली पहिली वेलांटी म च्या उजवीकडे जाते. न वाचणाऱ्याला ते चित्रासारखं बरोबरच वाटतं. तेव्हा 'छपाईआधी मराठी मजकुराचं प्रूफ आईकडे जाईल, त्याला एक दिवस' असं लिहून टाक. माझे पैसे नकोत.

नवा मजकूर झाला की फोटो नको, टाईप केलेला पाठव. मामाकडून तेलाचं आणि मिठाचं प्रमाण मी उद्याच लिहून घेते, त्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नकोस.

तुझी,
आई